मागच्या बाकावरून दिसणारा वर्ग

एप्रिल-मे आला की छोट्या क्लासच्या जाहिराती स्टेटसवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि चौकातल्या खांबांवर दिसू लागतात. पूर्वी फ्लेक्सवाला त्याच्याजवळच्या साठ्यातले एखादे चित्र टाकून द्यायचा. आता सर किंवा मॅडम स्वतःच मोबाइलवर दोन ओळींचा प्रॉम्प्ट लिहितात आणि चित्र मिळवतात. मला ही सोय मोलाची वाटते, कारण पंधरा मुलांचा क्लास चालवणाऱ्याला जाहिरात संस्था परवडत नाही. पण या चित्रांकडे जरा थांबून पाहिले की लक्षात येते, साताऱ्यातला क्लास आणि परभणीतला क्लास एकाच इमारतीत भरतो आहे. तीच काचेची भिंत, तेच ब्लेझर घातलेले विद्यार्थी, सूत्रांनी गजबजलेला तोच फळा.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आठवी ते दहावीचे गणित आणि विज्ञान शिकवतात. घराच्या वरच्या मजल्यावरची बारा बाय सोळा फुटांची खोली, तीन लांब बाक, भिंतीवर सहा बाय चार फुटांचा व्हाइटबोर्ड, डावीकडे पूर्वेची खिडकी. त्यांनी लिहिलेला प्रॉम्प्ट असा होता: ‘कोचिंग क्लासची प्रवेश जाहिरात, हसरे विद्यार्थी, व्हाइटबोर्ड, प्रसन्न प्रकाश, वर प्रवेश सुरू असे लिहा.’ या ओळीत त्यांच्या खोलीतले काहीच नाही. चित्र काढणारे साधन लाखो छायाचित्रे आणि त्यांखालच्या ओळी पाहून शिकलेले असते. तुम्ही जे सांगत नाही ते त्या साठ्यात सर्वाधिक वेळा दिसलेल्या गोष्टींनी भरून निघते, आणि ‘कोचिंग’, ‘विद्यार्थी’, ‘प्रसन्न’ या शब्दांबरोबर त्या साठ्यात चकचकीत मोठी सभागृहेच जास्त असतात. त्यामुळे बाईंना चाळीस मुलांचा हॉल मिळाला. सगळी मुले फळ्याकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे बघत हसत होती, म्हणजे शिकत कोणीच नव्हते.

माझे ठाम मत आहे की छोट्या क्लासने जाहिरातीत छोटेच दिसावे. पालक अशा क्लासकडे येतात ते सरांना मुलाचे नाव माहीत असते म्हणून, वही रोज तपासली जाते म्हणून. मोठा हॉल दाखवला की हेच कारण झाकले जाते.

म्हणून पहिली गोष्ट ठरवायची ती चित्र कुठून पाहायचे ही. मी बाईंना मागच्या बाकावरून पाहायला सुचवले. तिथून मुलांच्या पाठी आणि थोडे वळलेले चेहरे दिसतात, समोर फळा दिसतो, फळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिक्षिका दिसतात. याचे तीन फायदे आहेत. मुले खरोखर शिकताना दिसतात. चेहरे कमी असल्यामुळे बिघाडही कमी होतो, कारण गर्दीतल्या दूरच्या चेहऱ्यांचे डोळे आणि पेन धरलेली बोटे हीच या साधनांची कच्ची जागा आहे. आणि फळा समोरून, सरळ आयतात दिसतो; त्याचा उपयोग पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट मुलांची संख्या. साधनाला नेमके पंधरा मोजता येतील याचा भरवसा धरू नये. सहा-सात सांगितले तर साधारण तेवढी येतात आणि प्रत्येक मूल वेगळे दिसते. कपडेही सांगावे लागतात. साधा शर्ट, सलवार-कमीज, दोन वेण्या, बाकाखाली दप्तर, कडेला पाण्याची बाटली. एवढे लिहिले की ब्लेझर आपोआप जातात.

प्रकाशाच्या बाबतीत ‘प्रसन्न’, ‘उजळ’, ‘उत्साही’ हे शब्द फार कमी काम करतात. त्यांनी चित्र एक तर सोनेरी होते, जणू सूर्य मावळतो आहे, किंवा दुकानातल्या दिव्यांसारखे पांढरेफटक होते. त्याऐवजी प्रकाश कुठून येतो आणि किती वाजलेत ते सांगावे. ‘डावीकडच्या खिडकीतून सकाळी नऊचे मऊ ऊन, बाकांवर उन्हाचे पट्टे’ असे म्हटले की उजेडाला दिशा मिळते, सावल्या एका बाजूला पडतात आणि खोली खरी वाटते. खिडकी फळ्याच्या समोर सांगू नये. व्हाइटबोर्ड गुळगुळीत असल्यामुळे खऱ्या वर्गात तिथे चकाकी येते आणि चित्रातही साधन ती काढते. भिंतीचा रंगही महत्त्वाचा. पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा फळा भर उजेडात विरून जातो, उरते ती फक्त चौकट. बाईंच्या खोलीची भिंत फिकट पिवळी आहे, आणि ती तशीच सांगितल्यावर फळा उठून दिसला.

फळ्यावरच्या मजकुराशी मात्र सर्वांत जास्त झगडावे लागते. ही साधने अक्षरे लिहीत नाहीत, अक्षरांचे आकार रंगवतात. देवनागरीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे ‘प्रवेश’मधला ‘प्र’ किंवा ‘विद्यार्थी’मधला ‘र्थी’ सहज मोडतो. अलीकडची साधने दोन-चार शब्द बरोबर काढतात, पण पत्ता, वेळ आणि फोन नंबर त्यांच्यावर सोपवणे धोक्याचे आहे. नंबरातला एक आकडा चुकला तर पूर्ण जाहिरात वाया. फळ्यावरच्या गणिताचेही तसेच. कंस उघडलेला आणि न मिटलेला, बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही, असे समीकरण गणिताच्या क्लासच्या जाहिरातीत असेल तर पालकाने काय समजावे?

इथे स्वाभाविकपणे कोणीही लिहितो की ‘फळ्यावर अक्षरे नकोत’. अनेकदा उलटेच घडते. साधनाला ‘अक्षरे’ हा शब्द दिसतो, ‘नकोत’कडे दुर्लक्ष होते आणि फळा पुन्हा भरतो. म्हणून नकार न लिहिता हवे ते लिहावे: ‘फळा नुकताच पुसलेला, पूर्ण कोरा.’ हाच नियम सगळीकडे लावावा. ‘गर्दी नको’ऐवजी ‘सहा विद्यार्थी’, ‘मोठा हॉल नको’ऐवजी ‘घरातली लहान खोली’.

या सगळ्यातून बाईंचा नवा प्रॉम्प्ट असा तयार झाला: ‘महाराष्ट्रातल्या लहान शहरातील घराच्या वरच्या मजल्यावरची लहान वर्गखोली, मागच्या बाकावरून घेतलेले छायाचित्र. समोरच्या फिकट पिवळ्या भिंतीवर सरळ लावलेला व्हाइटबोर्ड, नुकताच पुसलेला, पूर्ण कोरा. फळ्याच्या उजवीकडे साडी नेसलेल्या चाळिशीतल्या शिक्षिका हातात मार्कर घेऊन मुलांशी बोलत आहेत. लांब लाकडी बाकांवर तेरा-चौदा वर्षांची सहा मुले-मुली, पाठमोरी, साधे शर्ट आणि सलवार-कमीज, बाकाखाली दप्तरे. डावीकडच्या खिडकीतून सकाळी नऊचे मऊ ऊन, बाकांवर उन्हाचे पट्टे, नैसर्गिक रंग. चित्राचा वरचा एक तृतीयांश भाग मोकळी भिंत. उभे चित्र.’ मराठीत लिहून एखादे साधन गोंधळले तर हाच मजकूर इंग्रजीत द्यावा; तपशील तेच ठेवावेत.

पहिल्या फेरीत सगळे जमेलच असे नाही. बाईंच्या चित्रात मुले आठ आली आणि एक खिडकी उजवीकडेही उगवली. अशा वेळी पूर्ण प्रॉम्प्ट बदलू नये, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘उजवीकडे सलग भिंत’ एवढेच जोडले आणि दुसरी खिडकी गेली. आठ मुले त्यांनी तशीच राहू दिली, आणि ते योग्यच होते.

मजकूर त्यानंतर. वरच्या मोकळ्या भिंतीवर क्लासचे नाव, इयत्ता, विषय, वेळ आणि फोन नंबर मोबाइलवरच्या कुठल्याही साध्या डिझाइन अॅपमध्ये टाइप करावा. मुक्ता किंवा बलू हे ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. त्यांची जोडाक्षरे शाबूत राहतात आणि लांबूनही वाचता येतात. फळा सरळ आयतात आहे, त्यामुळे त्यावर आपले खरे गणित मांडता येते. बाईंनी दहावीच्या रेषीय समीकरणांतली एक जोडी घेतली, 2x + 3y = 12 आणि x − y = 1. स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिली, फोटो काढला आणि तो कोऱ्या फळ्यावर बसवला. ज्या पालकाने ती सोडवली त्याला x = 3, y = 2 मिळाले. जाहिरातीतल्या फळ्यावर बाईंचे खरे हस्ताक्षर आहे, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

छपाईची एक मर्यादा लक्षात ठेवावी. अशा साधनांतून पुष्कळदा 1024 बाय 1536 पिक्सेलच्या आसपास चित्र मिळते. स्टेटसला ते पुरते. ए-5 आकाराच्या पॅम्प्लेटच्या पूर्ण रुंदीला ते ताणले तर इंचाला साधारण 175 पिक्सेल पडतात. चित्राला तेवढे चालते, पण त्यातच रंगवलेली बारीक अक्षरे पुसट होतात. टाइप केलेला मजकूर वेगळा ठेवण्याचे हे आणखी एक कारण. पडद्यावरचा झगझगीत हिरवा-निळा शाईत मंदावतो, म्हणून शंभर प्रती काढण्याआधी एक काढून पाहावी.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते ती. अनेक जाहिरातींत साधनाने काढलेल्या हसऱ्या मुलीच्या शेजारी ‘96 टक्के’ असे लिहिलेले असते. अशी मुलगी कुठेच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकालानंतर घेतलेली, असे त्यांत म्हटले आहे. गुणांची हमी देता येत नाही. क्लासच्या सोयीसुविधाही आहेत तशाच दाखवायच्या आहेत. ही तत्त्वे पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, म्हणजे बाईंचा क्लास त्यांत येत नाही. तरीही वातानुकूलित हॉलचे चित्र पाहून आलेला पालक वरच्या मजल्यावरच्या खोलीत पाय ठेवतो तेव्हा त्याची फसवणूकच झालेली असते, मग मुले पंधरा असोत की पाचशे.

म्हणून क्लास चालवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. साधनाने काढलेल्या चित्राखाली ‘चित्र संगणकनिर्मित’ एवढे बारीक अक्षरात लिहा. त्या चित्रातल्या चेहऱ्याला नाव, गुण किंवा अभिप्राय जोडू नका. निकाल सांगायचा असेल तर तुमच्याच विद्यार्थ्याचा, त्याच्या आणि पालकांच्या लेखी संमतीने सांगा. आणि जाहिरात पाठवण्याआधी त्यावरचा फोन नंबर दुसऱ्या कोणाला तरी लावून पाहायला सांगा.