एका बॅरलचे पाच मालक

पार्ट-टाइम एमबीए करणारा एक तरी जीव हल्ली प्रत्येक ऑफिसात सापडतो. दुपारी डबा खाताना नोट्स चाळणारा, तोच. आणि मार्केटिंगच्या पेपरात त्याला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच : ‘बिझनेस खरेदीची प्रक्रिया आणि बाइंग सेंटरमधल्या भूमिका, ग्राहकाच्या खरेदीशी तुलना करून थोडक्यात लिहा. गुण ५.’ अर्ध्या पानाचं काम. बहुतेक जण लिहितात, ‘कंपनीच्या खरेदीत माणसं जास्त, पैसे जास्त आणि निर्णय तर्कशुद्ध, ग्राहक मात्र भावनेच्या भरात घेतो.’ झालं, दोन मार्क हातात, बाकीचे वाऱ्यावर!

मी चार वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात कूलंट विकलंय. त्यामुळे तर्कशुद्ध वगैरे ऐकलं की मला जरा हसू येतं.

कूलंट म्हणजे काय? लोखंड कापणाऱ्या मशीनवर जे दुधाळ पाणी सतत पडत असतं, ते. तेल पाण्यात साधारण पाच टक्के मिसळायचं, टूल थंड राहतं, जॉब गंजत नाही. हे तेल २१० लिटरच्या बॅरलमधून येतं. आता तुमच्या बाइकचं इंजिन ऑइल आठवा. गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, हे टाका, गाडी मस्त पळेल,’ तुम्ही पाकीट काढता आणि दहा मिनिटांत विषय संपतो. गाडी तुमची, पैसे तुमचे, निर्णय तुमचा. गॅरेजवाल्याने फक्त कान भरले. गरज जाणवली, चौकशी केली, तुलना केली, घेतलं, नंतर बरं-वाईट वाटलं. पुस्तकातल्या ग्राहकाच्या पाचही पायऱ्या तुम्ही एकट्याने, तेही उभ्या उभ्या चढलात.

कारखान्यात याच पायऱ्या वेगवेगळी माणसं चढतात, आणि एकाला वर काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही.

आमच्याकडे गोष्ट सुरू व्हायची शुक्रवारी सकाळी. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. दिवसभर टाकीतलं पाणी हललं नाही की त्यात जंतू वाढतात आणि शुक्रवारी मशीन चालू केलं की असा वास सुटतो की विचारू नका. ऑपरेटर कुरकुरतो, हाताला खाज येते म्हणतो. हा झाला ‘यूजर’. तो सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर प्रॉडक्शन इंजिनिअरला. इंजिनिअर मग लिहून काढतो, की तेल किती टिकायला हवं, पीएच किती, कोणत्या धातूवर चालायला हवं. हा ‘इन्फ्लुएन्सर’. त्याच्या कागदात बसेल तोच सप्लायर पुढे जाणार.

पण त्या इंजिनिअरपर्यंत पोचायचं कसं? गेटवर पास हवा, पास हवा तर परचेसमधल्या असिस्टंटने ‘हो, येऊ द्या’ म्हणायला हवं. तो ‘गेटकीपर’. पगार बेताचा, खुर्ची कोपऱ्यात, पण तुमचं कॅटलॉग टेबलावर जाणार की ड्रॉवरमध्ये, हे त्याच्या हातात. घरच्या खरेदीत या भूमिकेला तोडीस तोड फक्त आजी!

मग ट्रायल. एका मशीनची टाकी रिकामी करून आपलं तेल भरायचं, महिना-दोन महिने रोज रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण मोजायचं. इथे ऑपरेटर परत येतो. त्याला तुम्ही आवडला नाहीत, तर तो टाकीत नुसतं साधं पाणी ओतत राहतो. प्रमाण पाचावरून दोनावर येतं, जॉब गंजतात, ट्रायल फेल. सहीचा अधिकार नसलेल्या माणसाकडे हा असा व्हेटो असतो. म्हणून रीडिंग अचानक घसरलं की तेलाला दोष देण्याआधी आम्ही टॉप-अप कोण करतंय ते बघायचो.

ट्रायल पास झाली की फाइल परचेस ऑफिसरकडे, म्हणजे ‘बायर’कडे. तो कोटेशन्स शेजारी शेजारी मांडतो. समजा, जुनं तेल १८० रुपये लिटर, आपलं २६०. त्याच्या तक्त्यात आपण सरळ ४४ टक्के महाग. खेळ खल्लास?

जरा थांबा. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरू. टाकी २०० लिटरची, म्हणजे एका भरणीला १० लिटर तेल. जुनं दोन महिन्यांत वास मारतं, आपलं सहा महिने टिकतं. सहा महिन्यांत जुन्याच्या तीन भरण्या, ३० लिटर; आपली एक, १० लिटर. शिवाय उडून गेलेल्या पाण्याची रोजची भर दोघांनाही लागते. तिचं तेल सहा महिन्यांत ३० लिटर धरू. जुन्याचे एकूण ६० लिटर, १०,८०० रुपये. आपले ४० लिटर, १०,४०० रुपये. फरक फक्त चारशे रुपयांचा!

मग खरा फायदा कुठे? टाकी तीनदा रिकामी करण्याऐवजी एकदाच. प्रत्येक वेळी अर्धी शिफ्ट मशीन बंद, आणि वापरलेलं २०० लिटर पाणी गटारात सोडता येत नाही, ते प्रक्रिया करूनच काढावं लागतं. पण गंमत बघा. बंद मशीनचा तोटा प्रॉडक्शनच्या खात्यावर, पाण्याचा खर्च पर्यावरण पाहणाऱ्यांच्या खात्यावर, आणि परचेसवाल्याचं अप्रेझल मात्र लिटरमागच्या भावावर. तो वेडा नाही, आपल्या जागी बरोबरच आहे. या तिन्ही खात्यांची बेरीज ज्याच्या टेबलावर होते, तो प्लांट हेड, म्हणजे ‘डिसायडर’. आमचं निम्मं कौशल्य हा तिन्ही खात्यांचा एक कागद त्याच्यापर्यंत पोचवण्यात खर्च व्हायचं.

आता उत्तरपत्रिका. पाच भूमिकांची ही मांडणी वेबस्टर आणि विंड यांची, १९७२ची. इनिशिएटर, अप्रूव्हर ही नावं पुढे पाठ्यपुस्तकांत जोडली गेली. भूमिका म्हणजे हुद्दा नव्हे, हे वाक्य आवर्जून टाका. बारा कामगारांच्या वर्कशॉपमध्ये मालकच बायर, डिसायडर आणि गेटकीपर असतो. उलट वॉशिंग मशीन घेताना घरातही वापरणारी आई, मॉडेल सुचवणारा मुलगा आणि पैसे देणारे बाबा असतातच. म्हणजे ‘तिथे अनेक, इथे एक’ एवढंच लिहिलंत तर उत्तर लंगडं. कंपनीत प्रत्येक भूमिकेमागे वेगळं बजेट, लेखी स्पेसिफिकेशन आणि सही असते, खरा फरक तो. आणि भावनेचं म्हणाल, तर ‘नवा सप्लायर फसला तर माझं नाव येईल’ ही भीती मी भल्याभल्यांच्या चेहऱ्यावर पाहिलीय.

प्रक्रियेच्या आठ पायऱ्या रॉबिन्सन, फॅरिस आणि विंड यांनी १९६७मध्ये मांडल्या : गरज ओळखण्यापासून सप्लायरच्या कामगिरीचा आढावा घेण्यापर्यंत. पण प्रत्येक वेळी आठही होत नाहीत, आणि नेमकं हेच लिहायचं राहून जातं. पहिल्यांदाच घेताना आठही. भाव किंवा ग्रेड बदलताना त्यातल्या काही. आणि एकदा रेट कॉन्ट्रॅक्ट झालं, की स्टोअरमध्ये दोन बॅरल उरली की ऑर्डर आपोआप निघते. कुणी कुणाला विचारत नाही. महिनाखेरीला टुथपेस्ट उचलावी तसं!

या शेवटच्या अवस्थेत आत असलेल्या सप्लायरला झोप छान लागते. बाहेरचा मात्र वाट बघत असतो, एखादी डिलिव्हरी चुकण्याची किंवा नवी लाइन टाकली जाण्याची. मी बाहेरचा असायचो तेव्हा शुक्रवारी सकाळी साडेसातलाच गेटवर हजर असायचो. पास मागायला कारण लागायचं नाही. वास गेटपर्यंत यायचा.