कपाचा कान आणि नागपूरची मेट्रो

आपल्याकडे कपाला कान असतो. कान तुटलेला कप पाहुण्यांसमोर ठेवत नाहीत, इतकं त्या कानाचं महत्त्व! आता तो कान नीट बघा. एक टोक वर चिकटलेलं, एक टोक खाली. दोन्ही टोकं कपालाच, पण वेगवेगळ्या जागी. एकच टोक चिकटलं असतं तर त्याला कान नाही, शेपूट म्हटलं असतं.

गणितात ग्राफ थिअरी नावाचं एक प्रकरण आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस्स. तिथेही नेमका हाच शब्द आहे: कान. आधी एक वर्तुळ घ्यायचं, म्हणजे फिरून त्याच जागी येणारी वाट. मग त्याला एक नवी वाट जोडायची, जिची दोन टोकं आधीच्या आकृतीवरच्या दोन वेगळ्या बिंदूंवर टेकतात आणि मधले बिंदू सगळे नवे असतात. हा झाला एक कान. मग दुसरा, तिसरा... हॅस्लर व्हिटनी या गणितज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं की जे जाळं कुठलाही एक बिंदू काढला तरी तुटत नाही, ते नेमकं असं वर्तुळ आणि कान जोडूनच बनलेलं असतं. असं प्रत्येक जाळं या रीतीने बांधता येतं, आणि या रीतीने बांधलेलं कुठलंही जाळं एका घावाने तुटत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा आपली रेल्वेच घेऊ. नागपूर, वर्धा, भुसावळ, इटारसी आणि परत नागपूर, हे पहिलं वर्तुळ. (मधली स्टेशनं सोडून देतोय, अकोलेकरांनी रागावू नये.) चार बिंदू, चार रेघा. पहिला कान: नागपूरहून गोंदिया, तिथून जबलपूर, तिथून इटारसी. दोन बिंदू नवे, रेघा तीन. दुसरा कान: गोंदियाहून बल्लारशा, तिथून वर्धा. बिंदू एक नवा, रेघा दोन. एकूण सात बिंदू, नऊ रेघा.

आता समजा नागपूर स्टेशन काही कारणाने पूर्ण बंद पडलं. गोंदियाचा माणूस बल्लारशावरून वर्ध्याला पोचतो. इटारसी बंद पडलं तर जबलपूरवाला गोंदियावरून खाली येतो. लांबून का होईना, कुणी अडकत नाही.

हे नेहमीच का जमतं? नवा कान जोडल्यावर कुठलाही एक बिंदू काढून बघा. तो कानाच्या मधला असेल तर कानाचे दोन तुकडे होतात, पण प्रत्येक तुकडा आपापल्या टोकाने जुन्या जाळ्याला धरून राहतो. तो जुन्या जाळ्यातला असेल तर जुनं जाळं आधीच पक्कं होतं, ते एकसंध राहतं, आणि कानाचं निदान एक टोक तरी त्याला चिकटलेलं असतंच. म्हणून टोकं वेगवेगळी हवीत. दोन्ही टोकं एकाच बिंदूवर आली, की तो बिंदू जाताच अख्खा कान गळून पडतो.

उलट बाजूही तितकीच साधी आहे. जाळं पक्कं आहे आणि आपण त्यातला थोडा भाग बांधलाय. एखादी उरलेली रेघ बांधलेल्याच दोन बिंदूंमध्ये असेल, तर तीच एक कान. नसेल, तर बांधलेल्या बिंदूपासून बाहेरच्या बिंदूकडे जाणारी एखादी रेघ सापडेलच. तो आतला बिंदू क्षणभर पुसून टाका. जाळं पक्कं असल्याने तुटणार नाही, म्हणजे बाहेरच्या बिंदूपासून बांधलेल्या भागाकडे परतायची दुसरी वाट असणारच, आणि ती दुसऱ्याच बिंदूवर येऊन टेकेल. झाला कान! कुठूनही सुरुवात करा, मध्येच अडकत नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप हाती येतात. एक म्हणजे प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या वर्तुळावर असते, कारण कानाच्या दोन टोकांना जोडणारी वाट जुन्या जाळ्यात असतेच. दुसरी मला जास्त आवडते. प्रत्येक कान जितके बिंदू आणतो त्याहून एक रेघ जास्त आणतो. म्हणून रेघांतून बिंदू वजा करा, एक मिळवा, की पहिलं वर्तुळ धरून कानांची संख्या मिळते. आपल्या उदाहरणात ९ वजा ७ अधिक १, म्हणजे ३. तुम्ही कुठल्याही क्रमाने बांधा, उत्तर तेच.

आता खरा मुद्दा. हाच हिशोब मी नागपूर मेट्रोला लावला. उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक, दक्षिणेला खापरी, पूर्वेला प्रजापती नगर, पश्चिमेला लोकमान्य नगर आणि मध्ये सीताबर्डी. पाच बिंदू, चार रेघा. ४ वजा ५ अधिक १... शून्य! एकही कान नाही. नुसतं अधिकचं चिन्ह. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेला सुमारे ४४ किलोमीटरचा दुसरा टप्पा हेच चार हात लांब करतो: कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे. किलोमीटर दुपटीहून जास्त, कान पुन्हा शून्य. चार शेपट्या लांब झाल्या, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, आधी लोकांपर्यंत पोचू दे, मग वर्तुळं काढा. मान्य. कमीत कमी रुळांत जास्तीत जास्त ठिकाणं जोडायची तर असंच झाड काढावं लागतं. सीताबर्डीला दोन मार्ग वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत, त्यामुळे एक बंद पडला म्हणून दुसरा पडलाच पाहिजे असंही नाही. आणि वाट आहे की नाही एवढंच हे गणित सांगतं. तिला किती वेळ लागेल, गर्दी मावेल का, यावर ते गप्प आहे. तरीही पूर्वेकडून उत्तरेला जायचं तर आधी बर्डीला या, हे शहर वाढेल तसं जाचक होणार असं माझं मत आहे.

किती जोडण्या लागतील? उत्तर-पूर्व टोकं जोडली आणि दक्षिण-पश्चिम टोकं जोडली, तर प्रत्येक रूळ वर्तुळावर येतो. वाटतं, झालं काम. पण ही दोन वर्तुळं फक्त बर्डीला भेटतात, इंग्रजी आठासारखी. बर्डी गेली की दोन तुकडे. तेच एका बिंदूवर टेकलेलं खोटं कान! बर्डी काढल्यावर चार हात सुटे होतात, आणि चार सुट्या हातांना एकत्र बांधायला तीन जोडण्या लागतात. तिसरी, म्हणजे पूर्व-दक्षिण, घातली की ७ वजा ५ अधिक १, तीन खरे कान.

हे कान रुळांचेच हवेत असं गणित म्हणत नाही. रिंग रोडवरून टोकांना जोडणारी, वेळेवर येणारी आणि मेट्रोच्याच तिकिटात चालणारी आपली बस हेही कानच. त्याला खांब लागत नाहीत.

म्हणून यापुढे कुणी नव्या टप्प्याची बातमी सांगितली, की मी किलोमीटर विचारणार नाही. कान किती, एवढंच विचारीन. असो. पुणे-मुंबईकरांनी आपापले नकाशे काढून रेघा आणि बिंदू मोजावेत, आणि काय निघालं ते कळवावं!