फलकावरील हत्ती आणि कंसांतील हत्ती

परदेशी पाहुण्यासाठीं आमच्या ऐतिहासिक स्थळांवर जे इंग्रजी फलक लावण्यांत येतात, त्यांच्याविषयीं सामान्य तक्रार त्यांतील व्याकरणाची असते. ती मला गौण वाटते. व्याकरण चुकलें तरी पाहुणा अर्थ लावून घेतो. परंतु व्याकरण शुद्ध असूनही जो फलक प्रत्येक नांवापुढें कंस उघडून बसतो, त्याचें काय करावें? मूळ मराठी मजकूर चार ओळींचा, आणि त्याचें इंग्रजी चौदा ओळींचें! भाषांतरकार येथें भाषांतर करीत नाहीं. तो शिकवणी घेतो.

उदाहरणासाठीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जाऊं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारीं दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. त्याच्यापुढें लावावयाच्या फलकासाठीं मीच पुढील परिच्छेद नमुन्यादाखल लिहितों:

«हा पाषाणाचा हत्ती घारापुरी बेटावर राजबंदराजवळ उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८१४ मध्यें त्याची मान व डोकें कोसळलें. १८६४ मध्यें त्याचे तुकडे राणीच्या बागेंत आणण्यांत आले, आणि १९१४ मध्यें ते जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला.»

आतां रूढ पद्धतीचा भाषांतरकार यावर काय करील तें पाहा. घारापुरी म्हटलें कीं कंस: गुहांचें नगर, मुंबईजवळील एक रमणीय बेट. राजबंदर म्हटलें कीं कंस: राजाचें बंदर. पोर्तुगीज म्हटलें कीं स्वल्पविराम देऊन, «ज्यांनीं पश्चिम किनाऱ्यावर सत्ता गाजविली ते». राणीची बाग म्हटलें म्हणजे तर पर्वणीच! ती राणी कोण, बागेचें सांप्रतचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान कसें, जिजाबाई या कोणाच्या मातोश्री, आणि ते सुपुत्र किती थोर. एवढें झाल्यावर शेवटीं हत्तीकडे वळून तो सांगणार कीं, भारतीय संस्कृतींत हत्ती हें वैभवाचें व बुद्धीचें प्रतीक आहे. पाहुण्याला हत्ती दिसतो आहे; फलकावर मात्र हत्ती सोडून सर्व कांहीं आहे.

या पद्धतीचे कैवारी म्हणतात कीं, बिचाऱ्या परकीयाला यांतील कांहींच ठाऊक नसतें. हा त्यांचा पहिला भ्रम. त्याला काय ठाऊक आहे याची चौकशीच कोणी केलेली नसते. एलिफंटा हें नांव त्याला आमच्या अनेक मुंबईकरांइतकेंच परिचित आहे. अपोलो बंदरावरून तिकडे जाणाऱ्या नावेचें तिकीट कदाचित् त्याच्या खिशांतच असेल. पोर्तुगीज कोण हें त्याला आम्हीं सांगावयास नको. मराठी वाचकाला घारापुरी ओळखीची आणि एलिफंटा हें परक्यांनीं ठेवलेलें नांव. पाहुण्याची स्थिति नेमकी उलट. म्हणजे येथें भाषांतरकाराला जें करावयाचें तें एवढेंच कीं, ज्या वाक्यांत दोन्ही नांवांची गांठ पडते तें वाक्य ठसठशीत ठेवावें. तें वाक्य मुळांतच आहे. त्यांत घारापुरीचा अर्थ सांगण्याचें प्रयोजन काय?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक कंस हें एक नवें विधान असतें, आणि तें मूळ लेखकानें केलेलें नसतें. घारापुरीची व्युत्पत्ति एकाहून अधिक प्रकारें सांगतात. भाषांतरकार त्यांतील हातीं लागेल ती उचलतो आणि दगडावर कोरल्यासारखी फलकावर चढवितो. हा हत्ती वैभवाचें प्रतीक म्हणून घडविला, असें मूळ परिच्छेदांत कोठें आहे? मूळ मजकूर एखाद्या जाणत्यानें तपासलेला असूं शकतो. कंसांतला मजकूर मात्र कोणीही तपासलेला नसतो, आणि नेमका तोच परदेशी पाहुणा टिपून घेऊन घरीं नेतो.

तर मग इंग्रजी कसें असावें? देवनागरींतच लिहून दाखवितों. वाचकांनीं तें मोठ्यानें म्हणून पाहावें:

«धिस स्टोन एलिफंट स्टूड निअर राजबंदर, ऑन द आयलंड ऑफ घारापुरी. द पोर्तुगीज नेम्ड द आयलंड एलिफंटा आफ्टर इट. इट्स हेड अँड नेक फेल इन १८१४. द पीसेस वेअर ब्रॉट हिअर इन १८६४ अँड पुट टुगेदर अगेन इन १९१४.»

यांत राणीची बाग कोठें गेली, असें कोणी विचारील. ती «हिअर» या एका शब्दांत आहे. पाहुणा बागेंतच उभा आहे. दारावरची पाटी वाचून तो आंत आला आहे. मराठींत «राणीच्या बागेंत» हे शब्द शोभतात, कारण त्या नांवाशीं आमचें बाळपण जडलेलें आहे. इंग्रजींत तेच शब्द आले कीं त्यांच्यामागून राणी, तिच्यामागून जिजाबाई, अशी रांग लागते. एक क्रियाविशेषण वापरलें आणि ती सारी रांग दाराबाहेर राहिली. राजबंदराला मात्र मीं हात लावलेला नाहीं. तें स्थळाचें नांव आहे हें वाक्याच्या रचनेवरूनच कळतें, आणि नांवाचा अर्थ कळला नाहीं म्हणून आजवर कोणाचें अडलेलें नाहीं.

नांवांच्या बाबतींत एक कसोटी मी नेहमीं लावतों. तोच प्रकार उलट दिशेनें करून पाहावा. लंडनच्या फलकाचें मराठी करतांना «न्यूटन» या नांवापुढें «नवें गांव» असा कंस कोणी घातला तर आपण हंसूं. मग भाऊ दाजींच्या नांवापुढें «भाऊ म्हणजे बंधु» असें इंग्रजींत लिहिलें तर परक्यानें काय करावें? हीच गत आदरार्थाची. «भाऊ दाजी यांनीं» म्हटलें कीं मराठींत आदर आपोआप उमटतो. तो व्याकरणाचा भाग आहे. इंग्रजी क्रियापदांत तसें अनेकवचन नाहीं, म्हणून भाषांतरकार घाबरतो आणि भरपाईसाठीं «थोर», «सुविख्यात», «द्रष्टे» अशीं विशेषणें ओततो. मुळांत एकही विशेषण नव्हतें! एका धन्वंतरीनें आणि प्राच्यविद्यापंडितानें या संग्रहालयाच्या उभारणीसाठीं खटपट केली आणि १९७५ मध्यें त्याला त्याचें नांव देण्यांत आलें, एवढें सांगितलें म्हणजे पाहुणा आदर करावयाचा तो करतो.

या रोगाचें मूळ अज्ञानांत नाहीं. तें समित्यांत आहे. मजकूर पांच जणांच्या हातांखालून जातो. प्रत्येक जण एक वाक्यांश घालतो. काढीत कोणीच नाहीं, कारण कमी लिहिल्याबद्दल जाब विचारला जाऊं शकतो, जास्त लिहिल्याबद्दल कोणी विचारीत नाहीं. उन्हांत उभा राहून वाचणारा मनुष्य तेवढा समितीवर नसतो.

मी स्पष्टीकरणाचा वैरी आहें असें मात्र कोणीं समजूं नये. भायखळ्यांतच, उड्डाणपुलाच्या बेचक्यांत, खडा पारशी उभा आहे. हा पुतळा शेट करसेटजी माणकजी यांचा. उंच स्तंभावर ते, आणि खालीं चार मत्स्यकन्या. येथें «खडा» या शब्दाचें भाषांतर केलेंच पाहिजे, कारण लोकांनीं पुतळ्याला तेंच नांव दिलें आणि सारी गंमत त्यांत आहे. «लोकल्स कॉल हिम खडा पारसी, द स्टँडिंग पारसी» एवढें पुरे. पारशी समाज इराणांतून केव्हां आला, त्याचा धर्म कोणता, अग्यारी म्हणजे काय, हें त्या फलकावर नको. मत्स्यकन्या कोणत्या पुराणांतल्या हें सांगण्याचीही गरज नाहीं. त्या आमच्या पुराणांतल्या नाहींत, आणि पाहुणा त्यांना आमच्याहून अगोदर ओळखतो.