शून्य, शून्यकरणीय की बेकायदेशीर? व्याख्या नंतर, आधी पैशाचं काय होतं ते सांगा



मी प्राथमिक शाळेत शिकवतो. डी.एड. झाल्यावर बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.कॉम. केलं, आणि आता गावातल्या दोन-चार मुलामुलींना संध्याकाळी व्यापारी कायद्याचा पेपर समजावून देतो. मागच्या महिन्यात त्यांना एक उदाहरण सोडवायला दिलं होतं. सगळ्यांनी व्याख्या अगदी पाठ लिहिल्या. कलम नंबरसुद्धा बरोबर. पण त्यातल्या एकीने वही पुढे करत विचारलं, "सर, म्हणजे त्याचे तीस हजार बुडालेच का?" तेव्हा लक्षात आलं की बाकीच्यांपैकी कोणीही या प्रश्नाचं उत्तर लिहिलंच नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. हा धडा आपण उलट्या क्रमाने शिकवतो. आधी पाच-सहा व्याख्या, मग फरकाचा तक्ता, आणि करारभंगाचे उपाय तर वेगळ्याच प्रकरणात. त्यामुळे मुलांना वाटतं की करार मोडला म्हणजे नुकसानभरपाई मिळणारच. पण करारभंग व्हायला आधी करार असावा लागतो! म्हणून एकच उदाहरण घ्यावं, त्यातली एकेक गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी विचारावं : आता पैसे कोणाला मिळतील? चला, तसंच करून बघू.

मूळ उदाहरण

एका शेतकऱ्याने 10 ऑक्टोबरला एका व्यापाऱ्याशी करार केला. 40 क्विंटल सोयाबीन, भाव 4,500 रुपये क्विंटल, माल 10 नोव्हेंबरला द्यायचा. व्यापाऱ्याने 30,000 रुपये इसार दिला. 10 नोव्हेंबरला बाजारभाव 5,000 झाला. शेतकऱ्याने माल दुसऱ्यालाच विकला.

इथे करार पूर्णपणे वैध आहे, म्हणून भंगाचे उपाय लागू होतात. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 प्रमाणे भंगामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं. मालाच्या व्यवहारात ते मोजायची साधी रीत म्हणजे ठरलेला भाव आणि भंगाच्या दिवशीचा बाजारभाव यांतला फरक. 500 गुणिले 40, म्हणजे 20,000 रुपये. शिवाय इसाराचे 30,000 परत. एकूण 50,000.

आता व्यापारी म्हणाला, "सोयाबीन न आल्याने माझी तेलाची घाणी तीन दिवस बंद राहिली, त्याचेही पैसे द्या." ते मिळतील का? करार करतानाच शेतकऱ्याला ही गोष्ट माहीत असेल तरच. 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेनडेल या इंग्लंडमधल्या खटल्यात गिरणीचा तुटलेला दांडा पोचवायला उशीर झाला आणि गिरणी बंद राहिली. पण दांडा वेळेत गेला नाही तर गिरणीच बंद पडेल अशी खास परिस्थिती वाहतूकदाराला माहीत होती असं न्यायालयाने धरलं नाही, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. आपल्या कलम 73 मध्ये हेच तत्त्व आहे. आणि बाजारात दुसरं सोयाबीन सहज मिळत असताना व्यापारी हातावर हात ठेवून बसला असेल, तर वाढलेलं नुकसान त्याला मागता येत नाही.

समजा करारातच लिहिलं होतं, "मोडल्यास एक लाख रुपये." मुलं लगेच एक लाख लिहून मोकळी होतात. कलम 74 म्हणतं, वाजवी भरपाई, फार तर त्या रकमेपर्यंत. म्हणजे एक लाख ही वरची मर्यादा आहे, तेवढे मिळतीलच असं नाही.

बदल पहिला : शेतकरी सतरा वर्षांचा आहे

बाकी सगळं तेच. वडील आजारी, म्हणून मुलाने सही केली. आता हा शून्य ठराव आहे. (काही पुस्तकांत याला 'व्यर्थ', काहींत 'रद्दबातल' म्हटलंय. शब्द कोणताही वापरा, पण उत्तरात शेवटपर्यंत एकच ठेवा.) कायद्याच्या नजरेत करार झालाच नाही. मग भंग कशाचा? 20,000 ची भरपाई शून्य.

मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा 1903 चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल सगळ्यांना पाठ असतो. अज्ञान मुलाने 20,000 रुपयांसाठी गहाणखत करून दिलं. ते शून्य ठरलं आणि सावकाराला दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. इथेच मुलं थांबतात आणि लिहितात, "इसार बुडाला." पण पुढचा कायदा बघा. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 33 प्रमाणे, 'मी अज्ञान होतो' असा बचाव घेणाऱ्याला प्रत्यक्ष जेवढा फायदा झाला, तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. इसाराच्या तीस हजारांपैकी किती त्याच्या खऱ्या उपयोगी पडले, ते सिद्ध करावं लागेल. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर : भरपाई नाहीच, पण इसार पूर्ण बुडालाच असं नाही.

बदल दुसरा : व्यापाऱ्याने खोटं बोलून भाव पाडला

शेतकरी आता सज्ञान आहे. पण व्यापाऱ्याने ओलाव्याची खोटी चिठ्ठी दाखवली. "माल ओला आहे" म्हणत 4,800 चा भाव 4,500 वर आणला. 25 ऑक्टोबरला शेतकऱ्याला खरं कळलं.

हा कपटाने झालेला शून्यकरणीय करार, कलम 19. इथे सगळ्यांत मोठी चूक ही की मुलं 'शून्यकरणीय' म्हणजे 'थोडासा शून्य' समजतात. तसं नाही हो! हा करार जिवंत आहे. तो ठेवायचा की मोडायचा, ही निवड फक्त फसवल्या गेलेल्या माणसाची आहे. व्यापारी स्वतःच्याच कपटाचा आधार घेऊन "करार रद्द" म्हणू शकत नाही.

शेतकऱ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, करार रद्द करायचा. मग कलम 64 प्रमाणे घेतलेला इसार परत द्यायला हवा. दुसरी, करार चालू ठेवून म्हणायचं की चिठ्ठी खरी असती तर मी ज्या स्थितीत असतो, तिथे मला आणा, म्हणजे 4,800 चा भाव द्या. पण सगळं कळल्यावरही त्याने गुपचूप माल देऊन 4,500 ने पैसे घेतले, तर त्याने करार मान्य केला असं धरलं जाईल आणि रद्द करायचा हक्क जाईल.

इथे वेळेला फार किंमत आहे. समजा शेतकऱ्याने आधीच माल दिला होता. त्याने करार रद्द करण्यापूर्वी व्यापाऱ्याने तो माल एका तेलगिरणीला विकला, आणि गिरणीला कपटाची काही कल्पना नव्हती. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 29 प्रमाणे गिरणीची मालकी पक्की होते. शेतकऱ्याला पैशासाठी व्यापाऱ्यामागेच जावं लागेल. ठराव मुळातच शून्य असता तर व्यापाऱ्याकडे मालकी आलीच नसती, मग तो गिरणीला देणार कुठून? शून्य आणि शून्यकरणीय यांतला खरा फरक तक्त्यात नाही, या तिसऱ्या माणसात दिसतो.

बदल तिसरा : माल द्यायचाच नाही, फक्त भावावर पैज

दोघांनी ठरवलं की सोयाबीन कोणी कोणाला देणार नाही. 10 नोव्हेंबरला भाव 4,500 च्या वर गेला तर शेतकरी फरक देणार, खाली आला तर व्यापारी. हा पैजेचा ठराव, कलम 30 प्रमाणे शून्य. 20,000 चा फरक न्यायालयातून वसूल होत नाही. (दोघांपैकी एकाचा जरी खरोखर माल देण्याघेण्याचा हेतू असेल, तर ती पैज नाही. हे उत्तरात तपासाच.)

आता एका मित्राने, सट्टा आहे हे माहीत असून, तो खेळायला शेतकऱ्याला 25,000 उसने दिले. ते मित्राला परत मिळतील का? सर्वोच्च न्यायालयासमोर 1959 मध्ये घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया हा खटला आला. दोघांनी सट्ट्यासाठी भागीदारी केली. तोटा झाला, एकाने सगळे पैसे भरले आणि दुसऱ्याकडे निम्मे मागितले. न्यायालय म्हणालं, पैज शून्य आहे, पण कायद्याने मना केलेली नाही. म्हणून तिच्याभोवतीची भागीदारी बेकायदेशीर होत नाही. निम्मे पैसे मागता येतात.

मग आपल्या पुस्तकात "महाराष्ट्र व गुजरातमध्ये पैजेचे करार बेकायदेशीर" असं एक सुटं वाक्य का असतं? कारण जुन्या मुंबई प्रांताचा 1865 चा कायदा. पैजेला मदत होईल हे माहीत असून केलेले जोडकरारही त्याने शून्य ठरवले. म्हणून मित्राचे 25,000 एरवी वसूल झाले असते, पण हा कायदा जिथे लागू आहे तिथे होणार नाहीत. हे कारण न सांगता ते वाक्य पाठ करायला लावणं मला पटत नाही.

बदल चौथा : सोयाबीन चोरीचं आहे

गोदामातून चोरलेला माल, आणि दोघांनाही ते माहीत आहे. हेतूच बेकायदेशीर, कलम 23. भरपाई नाही. इसारही नाही, कारण दोघेही सारखेच दोषी असले तर न्यायालय कोणालाच हात देत नाही. पैसे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच राहतात. आणि माहीत असून या कामाला पैसे उसने देणाऱ्याचेही गेले, राज्य कोणतंही असो. प्रत्येक बेकायदेशीर ठराव शून्य असतो, पण प्रत्येक शून्य ठराव बेकायदेशीर नसतो, हे वाक्य आता पाठ न करताही समजेल.

म्हणून शिकवणाऱ्या मित्रांना विनंती, आणि परीक्षा देणाऱ्यांनाही. उत्तर लिहिताना व्याख्येपासून सुरुवात करू नका. आधी ठरवा की करार अस्तित्वात आहे का. असेल तर तो मोडायचा हक्क कोणाकडे आहे. नसेल तर दिलेले पैसे परत येतात का, आणि तिसऱ्या माणसाचं काय होतं. एवढं झाल्यावर व्याख्या आणि कलम दोन ओळींत बसतं.

सरावासाठी एक बदल तुमच्यावर सोडतो. माल चोरीचा आहे, पण हे फक्त विकणाऱ्याला माहीत आहे. घेणारा प्रामाणिक आहे आणि त्याने 30,000 इसार दिलाय. 'दोघेही सारखेच दोषी' हे कारण इथे टिकतं का? वहीत आधी फक्त एक ओळ लिहा : तीस हजार कोणाचे?