शौचालय आहे, पण कुलूपबंद!

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातली सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा पाहून आलो. कागदावर सगळं ठीक. मुलींसाठी वेगळं शौचालय आहे, छतावर ५०० लिटरची टाकी आहे. प्रत्यक्षात दाराला गंजलेलं कुलूप! मुलींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘आम्ही दुपारी पाणीच पीत नाही.’

कुलूप का? तर टाकी कोरडी. नळ सकाळी सातला येतो, शाळा उघडते साडेदहाला. शिवाय पाण्याला जोर नाही, ते छतापर्यंत चढतच नाही. म्हणजे अडचण बांधकामाची नाही, पाणी साठवण्याची आहे.

हिशेब करून पाहू. चाळीस मुली, दिवसातून दोनदा, दर वेळी तीन लिटर, म्हणजे २४० लिटर. टाकी पुरेशी आहे, फक्त जागा चुकली. ती खाली आणून कमरेएवढ्या विटांच्या ओट्यावर ठेवावी आणि आत बॉल कॉक बसवावा. तो टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो, मग सकाळी कुणी हजर नसलं तरी चालतं. मात्र नळ दिवसाआड येत असेल तर ही टाकी जेमतेमच पुरेल.

हे कोणी करायचं? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलींसाठी वेगळं शौचालय बंधनकारक केलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. मैत्रिणींनो, तिथं लेखी ठराव घ्या, प्रत ग्रामपंचायतीला द्या, पोच मागा. रोजच्या सफाईचं माणूस त्याच ठरावात ठरवा, नाहीतर कुलूप परत लागेल.