अहमदपूरचे अक्षवृत्त किती मोठे?

अहमदपूर सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भूगोलाच्या तासाला हा आकडा पाठ होतो आणि भूमितीच्या तासाला वर्तुळाची प्रमेये पाठ होतात. या दोन तासांची गाठ मात्र क्वचितच घालून दिली जाते. अहमदपूरवरून जाणारे अक्षवृत्त म्हणजे विषुववृत्ताला समांतर असलेल्या प्रतलाने पृथ्वीच्या गोलाला दिलेला छेद. तो वर्तुळच का असतो आणि त्याची त्रिज्या किती, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही सिद्ध करता येते.

पृथ्वीचे केंद्र म समजू. तिथून छेदणाऱ्या प्रतलावर लंब टाकला, तो प या बिंदूत मिळाला. आता छेदाच्या कडेवरचा कोणताही बिंदू क घ्या. मप हा प्रतलाला लंब असल्यामुळे त्या प्रतलातल्या पक या रेषेलाही तो लंबच आहे. म्हणजे मपक हा काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कर्ण मक म्हणजे गोलाची त्रिज्या, आणि मप म्हणजे केंद्राचे प्रतलापासूनचे अंतर. क कडेवर कुठेही सरकवला तरी या दोन बाजू बदलत नाहीत. मग तिसरी बाजू पक तरी कशी बदलेल? पायथागोरसच्या प्रमेयाने ती ठरून गेलेली आहे:

पक² = मक² − मप²

कडेवरचा प्रत्येक बिंदू प पासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून तो एकाच वर्तुळावर आहे.

सिद्धता बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. ती इथे अर्धीच झालेली असते. एवढ्याने छेद त्या वर्तुळाबाहेर जात नाही इतकेच कळते. तो सलग पूर्ण वर्तुळ आहे की त्याचा तुकडा, हे कळत नाही. त्यासाठी उलट बाजूने जावे लागते. प्रतलात प पासून नेमक्या तेवढ्याच अंतरावरचा कोणताही बिंदू घ्या. काटकोन तोच, दोन्ही भुजा त्याच, म्हणून कर्णही गोलाच्या त्रिज्येएवढाच येतो आणि तो बिंदू गोलावर सापडतो. आता वर्तुळ पूर्ण झाले. मुलांकडून ही दुसरी बाजू लिहून घेतलीच पाहिजे.

आता अहमदपूरचे गणित करू. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. अक्षांशाचा कोन केंद्रापाशी विषुववृत्ताच्या प्रतलाशी मोजतात, म्हणून केंद्राचे आपल्या प्रतलापासूनचे अंतर त्रिज्या गुणिले १८.७ अंशांचा साइन, म्हणजे सुमारे २,०४३ किलोमीटर येते. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढले की वर्तुळाची त्रिज्या सुमारे ६,०३५ किलोमीटर मिळते. परीघ झाला सुमारे ३७,९०० किलोमीटर. एवढा फेरा अहमदपूर चोवीस तासांत पुरा करते, म्हणजे ताशी जवळपास १,५८० किलोमीटर.

यात लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. प्रतल केंद्रापासून त्रिज्येच्या जवळपास एक-तृतीयांश अंतरावर गेले, तरी वर्तुळाची त्रिज्या जेमतेम विसाव्या हिश्शाने घटली. वजाबाकी वर्गांची असल्याने सुरुवातीला घट अगदी मंद असते, ध्रुवाजवळ मात्र ती झपाट्याने वाढते. अंतर त्रिज्येएवढे झाले की वर्तुळाचा एकच बिंदू उरतो. त्याहून वाढले की छेदच होत नाही.

नेहमीची चूक या वर्गांपाशीच होते. त्रिज्येतून अंतर सरळ वजा करून ४,३२८ किलोमीटर हे उत्तर लिहिले जाते. ती लांबी वेगळ्याच गोष्टीची आहे: प्रतलापासून ध्रुवापर्यंतच्या टोपीची ती उंची.

आपल्या ज्योतिर्गणिताला हे नाते जुने आहे. सूर्याच्या रोजच्या वर्तुळाच्या त्रिज्येला तिथे द्युज्या म्हणतात. त्रिज्येच्या वर्गातून क्रांतिज्येचा वर्ग वजा करून मूळ काढले की ती मिळते. सूर्यसिद्धान्तातली त्रिज्या ३,४३८ आणि सर्वांत मोठी क्रांतिज्या १,३९७ घेतली, तर द्युज्या सुमारे ३,१४१ येते.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे अहमदपूरच्या वर्तुळाची खरी त्रिज्या आपल्या उत्तरापेक्षा नऊएक किलोमीटर जास्त भरते. अक्षाला लंब असलेला छेद तरीही वर्तुळच राहतो. तिरका छेद मात्र अशा चपट्या पृथ्वीवर लंबवर्तुळ होतो. कसाही कापा, वर्तुळच मिळेल, ही खात्री फक्त खऱ्या गोलाची.

पडताळा शाळेतल्या पृथ्वीगोलावर घेता येईल. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर १८.७ अंशांवरून दोरा फिरवून मोजा. तो ८९ सेंटीमीटरच्या आसपास भरला पाहिजे. सरळ वजाबाकीने मात्र ६४ येतात. शिक्षकांनी हा दोरा प्रमेय फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हातात द्यावा.