वरणात डाळ किती?

कोलेस्टेरॉल वाढल्याचा कागद घरात आला, की पहिला घाव तुपावर बसतो आणि दुसरा भातावर. तिसऱ्या दिवशी वाण्याकडून ओटचा डबा येतो. पंधरा दिवस गृहिणी सकाळी दोन चमचे ओट पातळ दुधात शिजवून औषधासारखे पिते, आणि मग तो डबा फळीवर मागेमागे सरकत जातो. ओटचा यात काही दोष नाही. मापाचा आहे.

आमच्या जठारपेठेतल्या एका वहिनींचेच उदाहरण घेऊ. वय ५१, घर शाकाहारी, जेवण अस्सल वऱ्हाडी. त्यांच्या कागदावर एकूण कोलेस्टेरॉल २४२, त्यातले चांगले, म्हणजे एचडीएल, ४६, ट्रायग्लिसराईड १८० आणि वाईट, म्हणजे एलडीएल, १६० असे आकडे होते. हा शेवटचा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतो. एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढतात. वहिनींनी मला विचारले, "काय सांगू ताई, भाकरी त मी रोजच खाते. मंग हे वाढलं कसं?"

प्रश्न रास्त होता. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचे एलडीएल खाण्यात काही बदल नसतानाही वाढते. थायरॉईड मंदावले तरी वाढते, आणि तसे असेल तर नुसत्या ओटच्या मागे लागून भागत नाही, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. वहिनींची ठीक निघाली. मग राहिले खाणे, आणि भाकरी त्यात निर्दोष असली तरी या कामाला पुरेशी नव्हती.

आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करते. अन्न पचवून झाले की त्यातले बहुतेक पित्त आतड्यातून परत शोषले जाते. ओटमध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा, चिकट तंतू असतो. तो हे पित्त अडवून शरीराबाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. ज्वारीत कोंडा आहे, पण हा चिकटपणा फारसा नाही. जवात मात्र आहे. (जव आणि जवस ही दोन वेगळी धान्ये. जवसही उपयोगी, पण त्याचे काम निराळे. आणि आपल्याकडचे सातूचे पीठ बहुधा गहू नि डाळ्यांचे असते, त्याला जव समजू नये.)

या तंतूचे रोज ३ ग्रॅम पोटात गेले पाहिजेत, म्हणजे कोरडे ओट सुमारे ७५ ग्रॅम. दोन चमच्यांनी काय व्हायचे? वहिनींनी त्याचे दोन भाग केले. सकाळी ४० ग्रॅम शिजवलेले, आणि उरलेले मिक्सरवर दळून रात्रीच्या थालीपिठात किंवा धिरड्यात. शिजलेले ओट चमच्याला चिकटून राहिले पाहिजेत, ही त्याची खूण. मसाल्याची तयार पाकिटे घेऊ नयेत. त्यांत मीठ फार आणि ओट थोडे.

आता वरणाकडे येऊ. "डाळ रोज असते" असे प्रत्येक घर सांगते. वहिनींच्या घरी एके दिवशी आम्ही शिजवण्याआधी डाळ तोलली आणि माणसांनी भागली. प्रत्येकाच्या वाट्याला १५ ग्रॅम आली! बाकीचे पाणी, हळद आणि फोडणी. खरा फरक पडायला शिजलेल्या कडधान्याची किंवा डाळीची एक भरलेली वाटी, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास, रोज लागते. कोरडी डाळ ५० ग्रॅम धरावी. वरण इतके घट्ट हवे की ताटात पसरू नये.

यावर त्यांचा आठवडा असा बसला. सोमवारी सकाळी मटार-गाजर घालून ओटचा उपमा, दुपारी ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, अंबाडीची भाजी, रात्री ओट आणि हरभराडाळीच्या पिठाचे थालीपीठ व ताक. मंगळवारी ओट दुधात, साखरेऐवजी सफरचंदाच्या फोडी, दुपारी घट्ट वरण, मूठभर भात, भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत, मात्र वरून तेलाची धार नाही. बुधवारी बरबटीची उसळ आणि शुक्रवारी अख्खा मसूर. गुरुवारी सोयावडीचा रस्सा. आपल्या भागात सोयाबीन शेतोशेती पिकते आणि स्वैपाकघरात मात्र त्याचे तेल तेवढे येते, हे मला नेहमीच नवल वाटते. शनिवारी पातोडीचा रस्सा, पण तर्री चमच्याने मोजून. सकाळ-रात्रीचे ओट सातही दिवस होतेच.

रविवारी गोळाभात. येथे मोठे भांडण झाले. गोळाभातावर कढत फोडणीचे तेल पळीने ओतायचे नाही तर तो खायचा कशाला, असे घरातल्या पुरुषांचे म्हणणे. वहिनींनी गोळे वाफवले, डाळ तीच ठेवली, भात निम्मा केला आणि आपल्या ताटात एक चमचा तेल घेतले. इतरांनी आपापल्या पळीचा विचार आपण करावा.

तुपाविषयी एवढेच, की एका चहाच्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते. परंतु म्हशीच्या साईसकट दुधाच्या एका पेल्यात ती ८ ग्रॅमच्या आसपास असते, आणि दोन वेळचा चहा व रात्रीचा पेला कोणी मोजत नाही. दूध तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे व सकाळी साय सबंध उचलावी. वहिनींचा खरा शत्रू मात्र चार वाजताचा होता. खारी, टोस्ट, आणि कुणी शेगावहून आले की मैद्याची कचोरी. मैदा आणि साखर ट्रायग्लिसराईड वाढवतात, तर वनस्पती तूप एलडीएललाच हात घालते. त्या जागी रोज ३० ग्रॅम सुका मेवा आला. कधी दहा बदाम व दोन अक्रोड, बहुतेक दिवस भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे. परवडणाऱ्या घरांनी बदाम खावेत, पण शेंगदाणा या कामात मागे नाही. ते खारीच्या जागी खायचे, खारीनंतर नव्हे. नाही तर वजन वाढते. जेवताना एक चमचा जवसाची चटणी. जवस अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटावा, आणि कुटलेला खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच.

पहिल्या आठवड्यात पोट फुगले. हे बहुतेकांचे होते. कडधान्य भिजवलेले पाणी टाकून द्यावे, ओट आधी निम्मे घ्यावेत आणि पंधरा दिवसांत पूर्ण मापावर यावे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या भगिनींनी ती अनशापोटी घेऊन ओटसाठी निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. सोयाबीन तर त्या गोळीपासून आणखी दूर ठेवावे.

आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. एलडीएल १४१, ट्रायग्लिसराईड १४०, एचडीएल जिथल्या तिथे ४६. घरातल्यांना हे थोडे वाटले. टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी ओट, सोयाबीन, सुका मेवा आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल एकत्र करून २००३ साली, सगळे अन्न स्वतः पुरवून, एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरवले होते. २०११ साली लोकांना नुसता सल्ला देऊन घरी पाठवले, तेव्हा ते १३ टक्क्यांच्या आसपासच उतरले. वहिनींचे उतरले ते १२ टक्के, म्हणजे घरच्या चुलीला साजेसेच. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर एवढ्यावर भागत नाही. तेथे गोळी लागते, आणि चालू असलेली गोळी ओटच्या भरवशावर आपल्या मनाने बंद करायची नसते.

वहिनींच्या डॉक्टरांनी तूर्त गोळी दिलेली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे आहे. मध्ये दिवाळी आहे, आणि शंकरपाळ्यांचा मैदा घरात आलेला मी पाहिला आहे.